शंभर वर्षांनंतरच्या मुलांनो

पूर ओसरला की शहराला एक वास येतो. गाळाचा, भिजलेल्या धान्याचा, ब्लीचिंग पावडरचा, आणि त्याखाली कुठंतरी कुजत पडलेल्या कागदाचा. शाळेच्या फाटकातून आत शिरले तेव्हा तोच वास अंगावर आला. बाकं मैदानात उन्हाला उलटी टाकली होती. सभागृहाच्या भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं त्याची तपकिरी रेघ अजून ओलसर होती. ती कोनाड्याच्या वर होती. मी आधी तेवढंच बघितलं.

कोनाडा उघडा होता. त्यावरची दगडी पाटी काढून खाली भिंतीला टेकवून ठेवली होती, आणि टेबलावर, गोणपाटावर, आमच्या पत्रांची ती स्टीलची नळी आडवी पडली होती. लहान मूल झोपवावं तशी. शेजारी माने सर. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण उभं राहण्याची पद्धत तीच, हात मागं बांधून. त्यांनी आदल्या दिवशी मला सांगलीला फोन केला होता. "नळी वजनात जास्त भरली, पोरी. आत पाणी गेलंय. उघडावी लागंल," एवढंच म्हणाले, आणि मी रजा टाकून पहिली गाडी धरली.

नळीच्या झाकणावर तिचं सीलबंद वजन कोरलेलं आहे. ही सरांचीच युक्ती. आत पाणी गेलं का हे बघायला नळी उघडायची नाही, काट्यावर ठेवायची. आकडा जुळला तर परत कोनाड्यात. मी गाडीत बसल्या बसल्या मनाशी घोकत होते की पत्रं वाचली पाहिजेत, सगळ्यांची पत्रं वाचली पाहिजेत. खोटं कशाला बोलू? मला माझ्याच पत्रातलं एक वाक्य बघायचं होतं. ते आत गेलं की गाळलं गेलं, हे मला आजवर ठाऊक नव्हतं. ते शंभर वर्षं कळणारच नव्हतं.

नव्वदीची सुरुवात. आम्ही नववीत. शाळेचा कसलासा मोठा महोत्सव होता, आणि नाटक, स्नेहभोजन, स्मरणिका या नेहमीच्या यादीत विज्ञानाच्या माने सरांनी हे खूळ घुसडलं. आजच्या मुलांनी शंभर वर्षांनंतरच्या मुलांना पत्र लिहायचं. थोरामोठ्यांची भाषणं नकोत, कोल्हापूरचा इतिहास नको, अंबाबाई आणि पन्हाळा नको. ते त्यांना पुस्तकात मिळेल. आपण सकाळी उठून काय करतो ते लिहायचं. सर म्हणायचे, जे सगळ्यांना माहीत असतं तेच कुणी लिहून ठेवत नाही, आणि तेच आधी हरवतं.

नळीत काय ठेवायचं यावर वर्गात आठवडाभर धुमाकूळ चालला. एकाला गुळाची ढेप ठेवायची होती. "गूळ ठेवतोस व्हय? शंभर वर्षांनी मुंग्याच निघतील की बाहेर," सर म्हणाले, आणि मग शांतपणे समजावलं की गुळाला पाणी सुटतं आणि ते पाणी कागद खातं. चपलांचा जोड नाकारला, कारण कमावलेल्या चामड्यातून आम्ल सुटत राहतं. गाण्यांची कॅसेट नाकारली, कारण ती वाजवायचं यंत्र तेव्हा असेल याचा काय भरवसा. टाचणी नको, ती गंजते. रबरबँड वितळतं, सेलोटेपचा डाग पडतो. बॉलपेन नको, त्याची शाई उडते. वहीचा कागद तर मुळीच नको, कारण तो लाकडाच्या लगद्याचा, त्याच्या पोटातच आम्ल असतं आणि तो आपला आपण पिवळा पडून चुरा होतो. सरांनी पुण्याहून चिंध्यांचा हातकागद मागवला होता. सुती चिंध्यांचा, जाडसर, किंचित खडबडीत. हात फिरवला की धुतलेल्या धोतरासारखा लागायचा. मोजकेच कागद आले होते, जादा एकही नव्हता. शाई काजळीची, चित्रकलेची काळी शाई, कारण काजळी म्हणजे कोळसा, आणि कोळसा ना उन्हाला भितो ना पाण्याला.

पत्र लिहायला बसले आणि मला पहिल्यांदा कळलं की माझा दिवस मलाच माहीत नव्हता. पहाटे गडमुडशिंगीला, शहराबाहेरच्या आमच्या गावात, दारात नळाची रांग. बादल्यांचा आवाज, बायकांचं भांडण, मधेच बुद्धवंदनेची बाबांची हलकी गुणगुण, कारण आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून घरात सकाळ अशीच उजाडायची. मग आईचा स्टोव्ह. स्टोव्ह म्हणजे काय हे त्या मुलांना कसं सांगायचं? मी लिहिलं की तो पितळेचा असतो, पोटात रॉकेल असतं, आधी काकडा लावून त्याचं तोंड तापवायचं, मग पंप मारायचा, भोक बुजलं की पिन घालायची, आणि तो पेटला की घरात दुसरं कुणाचं ऐकू येत नाही. मग सिटी बस, कडेला उसाचे ट्रॅक्टर, हिवाळ्यात गुऱ्हाळाचा असा दाट गोड वास की पोट रिकामं असलं तर मळमळायचं. उद्यमनगरावरून गेलं की फाउंड्रीच्या जळक्या वाळूचा वास. गावात फोन एकाच दुकानात. वीज गेली की सगळ्या गल्लीचा एकदम "गेलीऽ" असा सूर. हे सगळं मी लिहिलं. लिहिता लिहिता शाळा सुटली तिथवर आले, आणि शाळा सुटल्यावर मी रोज मेधाच्या घरी जायची.

मेधा माझी मैत्रीण. शाळेपासून दोन गल्ल्यांवर तिचं घर, शुक्रवार पेठेत. माझी बस उशिरा असायची, तोवर मी तिथं. मेधाची आई दुसऱ्या एका शाळेत गणित शिकवायच्या. मी त्यांना काकू म्हणायची. पोळ्या लाटता लाटता त्या मला समीकरणं सोडवायला लावायच्या, पाठमोऱ्या उभ्या राहूनही माझी चूक कुठल्या पायरीवर झाली ते सांगायच्या. मला गणित येईना म्हणून दहावीची धास्ती होती, आणि त्या धास्तीवर एकच उतारा होता, ते स्वयंपाकघर. तिथला वास अजून नाकात आहे. तव्यावरची पोळी, हिंग, ओल्या पुसण्याचा वास.

त्या घरात सगळे स्टीलच्या पेल्यातून पाणी प्यायचे. माझा मात्र काचेचा ग्लास होता. त्यावर निळं फूल होतं. तो मांडणीवर नसायचा, खिडकीच्या कठड्यावर पालथा असायचा. पाणी काकू वरून ओतायच्या. पिऊन झालं की मी तो विसळून परत कठड्यावर पालथा घालायची. कुणी मला तसं कधी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी काकूंनी हात नुसता खिडकीकडे केला होता, तेवढं पुरलं. मेधाला यातलं काही कळत नव्हतं हे मी आजही शपथेवर सांगेन. ती कौतुकानं म्हणायची, "तुझा ग्लास बघ, कुणाला हात लावू देत नाही आई." तिला तो मान वाटायचा.

मी ते लिहिलं. रागानं नाही. नळाची रांग लिहिली, स्टोव्ह लिहिला, तसा ग्लास लिहिला. रोजचं होतं ना ते. मैत्रिणीचं नाव घातलं नाही.

माने सरांनी वर्गातून माझं पत्र निवडलं. मला बाजूला बोलावून म्हणाले, "ग्लासाचं ठेवायचंय?"  मग म्हणाले की शुक्रवारपर्यंत काय बदलायचं ते बदल, एकदा नकलेला गेलं की मग खाडाखोड नाही. कुणाचं घर ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना ते माहीत नव्हतं, कारण माहीत असतं तर पुढचं त्यांनी ठरवलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात सांगितलं की निवडलेल्या सगळ्या पत्रांची नक्कल एकाच हातानं व्हायची. टाकानं काजळीच्या शाईत लिहिणं सोपं नव्हतं. निब अडकली की डाग, आणि डाग पडला तर दुसरा कागद नाही. असा हात शाळेत एकीचाच होता. मेधाचा. तिचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. आणि नक्कल करायची रीत अशी: ज्याचं पत्र त्यानं तुकड्या-तुकड्यानं वाचायचं, मेधानं ऐकून लिहायचं, म्हणजे तिची नजर कागदावरून हलायची नाही. मग तिसऱ्यानं मूळ पत्राशी ओळ न् ओळ ताडून बघायची, आणि बरोबर असेल त्या ओळीशेजारी समासात पेन्सिलीनं बारीक खूण करायची. खूण नसलेली ओळ चुकीची. शाळेची बाकं डुगडुगायची, म्हणून लिखाण मेधाच्या घरी, त्यांच्या मोठ्या टेबलावर. तपासणीस काकू. त्यांनी ते काम आनंदानं घेतलं होतं.

 शुक्रवारला तीन दिवस होते. खोडरबर घेऊन बसले आणि उठले. शेवटी चुलीपुढं आईला वाचून दाखवलं. आई शाळा शिकलेली नव्हती, पण ऐकायची अशी की वाचणाऱ्याला घाम फुटावा. बराच वेळ ती भाकरी थापत राहिली.

"गणित बुडंल तुझं," ती म्हणाली. "खरं हाय न्हवं पर?"

मी म्हटलं, हाय.

"त्या बाईनं तुला शिकिवलं. आन् ग्लास बी येगळा ठिवला. दोन्ही खरं हाय. मग दोन्ही लिव्ह. एकच लिव्हलंस तर त्या पोरांस्नी अर्धं कळंल."

मला ते पटलं. मी वर एक वाक्य घातलं. पटलं तेव्हा हे लक्षातच आलं नाही की त्या एका वाक्यानं घर कुणालाही ओळखू येणार होतं. नाव न घालण्याची सगळी हुशारी आईच्या न्यायबुद्धीनं मातीत मिळाली.

शनिवारी दुपारी शाळा सुटली. मेधानं टेबल पुसून ठेवलं होतं, कागदाखाली टीपकागद, शाईची बाटली बशीत, कलंडू नये म्हणून. आधी तिघांची पत्रं झाली, ते निघून गेले. मग मी. मी वाचत गेले, ती लिहीत गेली. टाकाचा करकर आवाज आणि आतून लाटण्याचा. रांग झाली, स्टोव्ह झाला. स्टोव्हच्या पिनेला ती हसली. गुऱ्हाळ झालं. माझा घसा कोरडा पडत चालला होता, आणि त्या दिवशी मी पाणी मागितलं नव्हतं.

"पुढं?" मेधा म्हणाली.

मी वाचलं: माझ्या मैत्रिणीच्या आई मला रोज गणित शिकवतात, त्याचे काही घेत नाहीत.

मेधा लिहिता लिहिता फुलून आली. "आई, ऐकलंस? तू शंभर वर्षं राहणार. नळीत." आतून काकूंचं हसू ऐकू आलं. त्या पिठाचे हात घेऊन दारात आल्या, म्हणाल्या, अगं काय हे, माझं कशाला. त्यांचा चेहरा उजळला होता. मी त्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला वाटलं, इथंच थांबावं. पुढं काही नाही म्हणावं. कुणाचं काय अडतंय? मेधाचा टाक कागदावर तरंगत होता, निबेच्या टोकाला शाई जमत होती. अजून क्षणभर गेला असता तर थेंब पडला असता.

मी वाचलं: त्यांच्या घरी माझा ग्लास वेगळा आहे. तो खिडकीत पालथा असतो. पाणी पिऊन झाले की मी तो विसळून परत तिथेच ठेवते. तुमच्या वेळी असे असते का?

मी तुकडे पाडले नाहीत, एका दमात वाचलं. टाक हलला नाही. मेधानं तो सावकाश बशीत ठेवला. खिडकीकडे बघितलं. मग आईकडे. तिच्या तोंडावर राग नव्हता, काही सापडत नाही तेव्हा माणसाचं होतं तसं झालं होतं. "तो तर तुझा म्हणून..." ती म्हणाली. काकूंनी पदराला हात पुसले. पीठ पदरालाच लागलं, ते त्यांना कळलं नाही.

"तुझी बस चुकेल," त्या मला म्हणाल्या. आवाज नेहमीचाच. "कागद ठेवून जा. राहिलेलं मेधा बघून लिहील."

मी कागद टेबलावर ठेवला आणि निघाले.  स्टॉपवर बस यायला बराच वेळ होता, तेवढा वेळ मी तशीच उन्हात उभी होते, तहानलेली. कागद ठेवून आले याचाच सगळ्यात जास्त पस्तावा वाटत होता. ते वाक्य आता त्या घरात होतं, लिहिणारीही त्याच घरातली, तपासणारीही.

सोमवारी मेधा माझ्याकडे न बघता सरांना म्हणाली, "झाली सगळी." गुंडाळी सरांच्या हातात दिली. संध्याकाळी तिनं निरोप दिला की आईला परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत, काही दिवस जमणार नाही. ते काही दिवस कधी संपले नाहीत. मी त्या घरी परत गेले नाही. गल्लीतून जावं लागलं तरी मी पलीकडच्या कडेनं जायची, आणि पोळीचा वास आला की मान खाली घालायची. मेधा आणि मी एकाच वर्गात होतो, बोलायचो, वही मागायचो, पण मधे काहीतरी ठेवून. वाक्य लिहिलंस का, हे मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. दहावीला मी गणितात काठावर सुटले. ज्या शाखेला जायचं होतं ती गेली. पुढं माझं वाईट झालं असं मी म्हणणार नाही, पण ते गेलं ते गेलंच, आणि मी ते त्या स्वयंपाकघराच्या खात्यावर मांडून ठेवलं.

नळी बंद करण्याचा दिवस मला सगळा आठवतो. मेधाच्या आणि माझ्या मधे दोन मुली उभ्या होत्या. सरांनी मांजरपाटाचं कापड दोनदा उकळून त्याची खळ काढली होती. त्यात गुंडाळी बांधली, सुती नाडीनं. मी त्या गाठीकडे बघत होते. सोडायला हात शिवशिवत होते. सिलिका जेलचे निळे दाणे सरांनी घरून कढईत तापवून, सुकवून, बरणीत बंद करून आणले होते, ते पुरचुंडीत. हे दाणे ओल पितात, आणि प्यायले की गुलाबी होतात. मग झाकण. मधे टेफ्लॉनची पांढरी चकती, कारण रबर चार पावसाळ्यांत फुटतं. नटबोल्ट समोरासमोरचे आवळत न्यायचे, एकाच बाजूनं नाही, नाहीतर झाकण तिरकं बसतं. वेल्डिंग करून टाका असं कुणीतरी म्हणालं, तर सर म्हणाले, आतली पत्रं भाजतील.

मग वर्कशॉपमधून आणलेला आरगॉनचा सिलिंडर. आरगॉन म्हणजे कशाचंच काही न बिघडवणारा वायू, हवेपेक्षा जड. नळी उभी केली, खालच्या बारीक तोंडातून तो आत सोडला, वरच्या भोकातून हवा बाहेर. सरांनी पेटती काडी वरच्या भोकाशी धरली. ती जळत राहिली. पुन्हा धरली, पुन्हा जळाली. आम्ही सगळे श्वास धरून. तिसऱ्यांदा काडी भोकाशी नेली आणि ती पटकन विझली, फुंकर न घालता. म्हणजे आत आता हवा नाही. सरांनी दोन्ही बुचांना टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून ती आवळली, नळी पाण्याच्या टाकीत बुडवली. एकही बुडबुडा आला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण आता कुणालाच काही बघता येणार नाही हे मला एकदम कळलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जमिनीत पुरायची नाही, ओल लागते, हे सरांचं म्हणणं. म्हणून भिंतीत, कोनाड्यात. वर दगडी पाटी, तिच्यावर उघडायचं वर्ष. शिवाय एक नोंद शाळेच्या दप्तरात, एक नगरवाचनालयात, एक सरांच्या कपाटात. अशा नळ्या फुटत नाहीत, विसरल्या जातात, असं ते म्हणायचे.

पण पंचगंगा कोनाड्यापर्यंत चढेल हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

सरांनी बोल्ट सैल केले, समोरासमोरचे. वरच्या बुचाची पट्टी एका कडेला विरली होती, तिथूनच पाणी झिरपलं होतं. झाकण उचललं आणि आधी पुरचुंडी बाहेर आली. दाणे गुलाबी होते.  मांजरपाट खालच्या अर्ध्यात ओला होता. गाठ मी सोडली. कागद ओढून उलगडायचे नाहीत, असं सरांनी बजावलं; पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत, टीपकागदावर पडू द्यायचे, ते आपले आपण सैल होतात. उन्हात धरले तर वाकडे होतात. मी टेबलाशी बसले. वर पंखा, बाहेर बाकं उलटसुलट करण्याचा आवाज, तो गाळाचा वास. कागद तसूतसूनं उलगडत होते. खालची कड फुगली होती, पण काजळीचं एक अक्षर फुटलं नव्हतं. मेधाचं छापील अक्षर. माझं पत्र चौथं होतं. रांग. स्टोव्ह. गुऱ्हाळ. पुढची ओळ अजून गुंडाळीत होती. मी बोटानं ढकलली नाही. कसं थांबले ते माझं मला माहीत.

ओळ उलगडली. ग्लास होता. खिडकी होती, पालथा होता, विसळून होतं. तुमच्या वेळी असे असते का, हेही होतं. एक शब्द गळला नव्हता. आणि समासात, प्रत्येक ओळीशेजारी होती तशी, काकूंची पेन्सिलीची खूण होती. बरोबर. बाकीच्या खुणा सरासर ओढलेल्या, ही मात्र दाबून, कागदाला खळगा पडेल इतकी.

मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. सरांनी त्यांच्या वहीतून मेधाचा नंबर दिला. ती पुण्यात असते. इतक्या वर्षांत मी तो कधी मागितला नव्हता. मी फोन लावला. नाव सांगितल्यावर ती आधी पुरात शाळेचं काय झालं ते विचारत राहिली. मग मी तिला ओळ वाचून दाखवली, आणि खुणेचं सांगितलं. 

"आई आधी म्हणाली होती, ते चार शब्द गाळ, कुणाला कळणार आहे," मेधा म्हणाली. "मी लिहिलं. लिहून तिच्यापुढं ठेवलं आणि झोपायच्या खोलीत जाऊन बसलो. ती पेन्सिल घेऊन संध्याकाळ होईपर्यंत तिथंच बसली होती, दिवा पण लावला नाही. नंतर तुला बोलवायचं रोज म्हणायची. तिला तोंड कसं दाखवू, म्हणायची. गेली तेव्हाही ते तसंच राहिलं."

कोल्हापूर सुटून इतकी वर्षं झाली तरी ती अजून "बसलो" म्हणत होती, आमच्याकडे मुली म्हणतात तसं. मला रडू आलं, आणि रागही आला. खरंच आला. त्यांना तोंड दाखवता येईना म्हणून माझं गणित गेलं. मी इतकी वर्षं समजत होते की त्यांनी मला रागानं दार लावलं. ते शरमेनं लावलं होतं हे कळून दाराची जाडी काही कमी झाली नाही. पण ती दाबून केलेली खूणही माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी हे सगळं तिला तसंच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

मग ती म्हणाली, "परत ठेवणार न्हवं ते?"

मी म्हटलं, वाळलं की ठेवणार, नवे दाणे, नवी पट्टी, आणि या वेळी कोनाडा वरच्या मजल्यावर.

"मग खाली आमचं नाव घाल. कुणाचं घर ते कळू दे त्यांना."

पेन्सिल समोरच होती. मी उचललीही. आणि खाली ठेवली.

"मी न्हाई लिहिणार," मी म्हटलं. "तूच ये. सर रविवारपर्यंत झाकण लावत न्हाईत."

 तिनं फोन ठेवला. मला वाटलं, संपलं.

रविवारी सकाळी ती आली. केसांत पांढरं, हातात प्रवासाची पिशवी, चपलांना फाटकातला चिखल. आम्ही एकमेकींना मिठीबिठी मारली नाही. सरांनी काजळीच्या शाईची बाटली बशीत ठेवली, टाक पुढं केला. तिनं पदर खोचला, कागद सरळ केला, आणि शेवटच्या ओळीखाली, त्याच छापील अक्षरात, लिहिलं: हे घर आमचे होते. त्याखाली स्वतःचं नाव घातलं आणि आईचं.

मी ते वाचलं. शाई वाळेपर्यंत आम्ही दोघी कागदाची दोन टोकं धरून उभ्या राहिलो.